ऑफिसातला फोल्डर घरच्या संगणकावर

पुण्यातलं एखादं लहानसं प्रकाशन डोळ्यांसमोर आणा. ऑफिसात लिनक्सचा एक संगणक बारा महिने चालू असतो आणि त्यावरच्या `pustake` नावाच्या फोल्डरमध्ये सगळा संसार असतो: जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं, मांडणीच्या फाइल, मुद्रितं, मुखपृष्ठं, फॉन्ट. मांडणी करणारी मात्र साताऱ्याला, आपल्या घरून काम करते. तिला रोज यातल्या पाच-दहा फाइल लागतात. पुढची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. कोणीतरी फाइल मेलवर पाठवतं, ती उतरवून घेते, सुधारून परत पाठवते. आठवडाभरात एकाच प्रकरणाच्या तीन प्रती होतात, तिन्हींच्या नावात ‘फायनल’ असतं आणि छापायला कुठली द्यायची हे फोन करून विचारावं लागतं.

यावरचा एक इलाज म्हणजे ऑफिसातला तो फोल्डर तिच्या लॅपटॉपवर ‘माऊंट’ करणं. माऊंट केल्यावर लॅपटॉपच्या ड्राइव्हच्या रांगेत आणखी एक ड्राइव्ह दिसू लागतो. त्यात ऑफिसातल्याच फाइल असतात, त्याच नावांनी. डबल-क्लिक केलं की फाइल उघडते, सेव्ह केलं की ती पुण्यातल्या डिस्कवर लिहिली जाते. प्रत एकच राहते. ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हपेक्षा हे वेगळं आहे, कारण फाइल मधल्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवावी लागत नाही. ती ऑफिसातच राहते आणि लागेल तेवढीच तारेवरून येते.

हे करायचे दोन मार्ग सर्वांत रुळलेले आहेत. एकाचं नाव एसएसएचएफएस. दुसरा म्हणजे विंडोजचं नेहमीचं ‘शेअर्ड फोल्डर’, पण व्हीपीएनच्या आतून. दोन्हींमध्ये फाइल हाताशी असल्याचा भास अगदी पक्का होतो. म्हणूनच तो भास कुठे तुटतो, हे आधी कळलेलं बरं.

एसएसएचएफएसचा पाया आहे एसएसएच. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी दूरच्या संगणकाशी कुलूपबंद बोलणं करणारा हा प्रोग्रॅम लिहिला. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तो असतो. त्याच्याच पोटात फाइल नेण्या-आणण्याची सोय आहे, तिला एसएफटीपी म्हणतात. राहिला प्रश्न दूरच्या फाइली ‘ड्राइव्ह’ म्हणून दाखवण्याचा. ते काम संगणकाच्या गाभ्यातलं, कर्नेलचं. मिक्लोश सेरेदी यांनी ‘फ्यूज’ नावाची सोय तयार केली आणि २००५ मध्ये ती लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत दाखल झाली. तिच्यामुळे एखादा साधा प्रोग्रॅमही कर्नेलला सांगू शकतो, ‘या फोल्डरबद्दल जे काही विचारायचं ते मला विचार.’ एसएसएचएफएस हा तसाच प्रोग्रॅम आहे आणि तोही मुळात सेरेदी यांचाच. मांडणीकाराने फाइल उघडली की कर्नेल एसएसएचएफएसला विचारतं, तो एसएफटीपीच्या भाषेत पुण्याला विचारतो आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. ऑफिसच्या संगणकावर एसएसएच चालू असण्यापलीकडे काहीही बसवावं लागत नाही. या पद्धतीची सगळ्यांत मोठी सोय हीच.

## आधी पत्ता हवा

पहिली अडचण फाइलींची नसतेच, पत्त्याची असते. साताऱ्याहून पुण्याचा संगणक गाठायचा तर त्याला इंटरनेटवर पत्ता हवा, आणि भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांवर तो स्वतंत्र मिळत नाही. आयपीव्ही४चे पत्ते कमी पडतात म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. हे ओळखणं सोपं आहे. राऊटरच्या पानावर ‘वॅन’ पुढे दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी तो जुळत नसेल, तर ऑफिसच्या दारापर्यंत बाहेरून थेट रस्ता नाही. मग राऊटरमध्ये कितीही ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केलं तरी उपयोग होत नाही. अनेकांचे दोन-दोन दिवस इथेच जातात.

म्हणून व्हीपीएन. सध्या यासाठी सर्वांत सुटसुटीत आहे वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नेलच्या ५.६ या आवृत्तीत आलं. यात प्रत्येक संगणकाला किल्ल्यांची एक जोडी आणि एक खासगी पत्ता मिळतो. आपल्या उदाहरणात ऑफिसला `10.8.0.2` आणि लॅपटॉपला `10.8.0.3` देऊ. दोघांपैकी एकाला जरी बाहेरचा खरा पत्ता असेल तरी काम भागतं. दोघांनाही नसेल, तर एक छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवावा लागतो, किंवा वायरगार्डवरच उभारलेल्या टेलस्केलसारख्या सेवेकडून दोन टोकं जुळवून घ्यावी लागतात. राऊटरमागे बसलेल्या टोकाच्या सेटिंगमध्ये `PersistentKeepalive = 25` ही ओळ घालायला विसरू नये. तिच्यामुळे दर पंचवीस सेकंदांनी एक लहानसं पाकीट जातं आणि राऊटर मधली वाट बंद करत नाही.

एक बिघाड असा आहे की तो पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो. व्हीपीएन जोडलं जातं, `ping` ला उत्तर येतं, लॉगिनही होतं. पण मोठा फोल्डर उघडला किंवा फाइल ओढायला घेतली की सगळं थिजतं. लहान पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात, असा याचा अर्थ. मोबाइल हॉटस्पॉटवर आणि काही ब्रॉडबँडवर हे घडतं. वायरगार्ड सहसा पाकिटाचा आकार १४२० बाइट धरतो. सेटिंगमध्ये `MTU = 1280` लिहून पाहावं. थिजणं थांबलं तर दुखणं तेच होतं.

## तीन ओळींचं काम

पत्ता मिळाला की उरलेलं काम छोटं आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे असं धरू. आधी किल्ली तयार करून ऑफिसला द्यायची. पासवर्डवरही चालतं, पण मधे जोडणी तुटली तर आपोआप पुन्हा जोडण्यासाठी किल्लीच हवी.

```
ssh-keygen -t ed25519
ssh-copy-id dtp@10.8.0.2
```

पहिल्यांदा जोडताना संगणक विचारतो की या यंत्राची ओळख पटलेली नाही, पुढे जाऊ का. पडद्यावर एक लांबलचक ठसा दिसतो. बहुतेक जण न वाचता `yes` लिहितात. ऑफिसात कुणाला तरी `ssh-keygen -lf /etc/ssh/ssh_host_ed25519_key.pub` ही आज्ञा चालवायला सांगून फोनवर शेवटची आठ-दहा अक्षरं ताडून पाहायला एक मिनिट लागतं, आणि ते एकदाच करायचं असतं. पुढे कधी `REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!` असा इशारा आला, तर ऑफिसात संगणक बदलला का किंवा नव्याने बसवला का हे आधी विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जाऊ नये.

आता माऊंट:

```
mkdir -p ~/karyalay
sshfs dtp@10.8.0.2:/home/dtp/pustake ~/karyalay \
  -o reconnect,ServerAliveInterval=15,ServerAliveCountMax=3
```

बस्स. `~/karyalay` उघडलं की आत पुण्याचा फोल्डर दिसतो. काम संपल्यावर `fusermount3 -u ~/karyalay` म्हटलं की तो निघून जातो. जुन्या लिनक्सवर आज्ञेतला तो ३ नसतो. मॅकवर हेच काम मॅकफ्यूज बसवून होतं.

शेवटच्या ओळीतले पर्याय शोभेचे नाहीत. ते नसताना वाय-फाय मधेच गेलं, तर लॅपटॉपला जोडणी मेल्याचं लवकर कळतच नाही. तो उत्तराची वाट पाहत राहतो, फाइलींची खिडकी गोठते आणि `df` सारखी निरुपद्रवी आज्ञासुद्धा अडकून बसते. वरच्या पर्यायांमुळे दर पंधरा सेकंदांनी ‘आहेस ना?’ असं विचारलं जातं आणि तीनदा उत्तर आलं नाही, म्हणजे साधारण पाऊण मिनिटात, जोडणी सोडून नवी करायचा प्रयत्न होतो. तरीही एक गोष्ट लक्षात असावी. तुटण्याआधी उघडलेली फाइल नव्या जोडणीवर चालत नाही. ती सेव्ह करताना चूक दाखवते. अशा वेळी प्रोग्रॅम बंद न करता ‘सेव्ह ॲज’ने ती लॅपटॉपवरच जतन करावी, मग फोल्डर पुन्हा उघडून जागेवर ठेवावी.

कधी एसएसएचएफएस प्रोग्रॅमच मधे बंद पडतो आणि `Transport endpoint is not connected` असा संदेश येतो. ऑफिसातल्या फाइलींना काही झालेलं नसतं, इकडचं मोकळं टोक तेवढं लटकत राहिलेलं असतं. `fusermount3 -uz ~/karyalay` ने ते काढून पुन्हा माऊंट केलं की झालं.

## अंतर कुठे जाणवतं

आता भास तुटतो ती मुख्य जागा. फोल्डर लॅपटॉपवर दिसतो, पण डिस्क पुण्यात आहे, आणि प्रत्येक प्रश्नाला तिथवर जाऊन यावं लागतं.

आधी मोठ्या फाइलीचं पाहू. ए-४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन केलं आणि दाबून लहान केलं नाही, तर ते ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, म्हणजे सुमारे ३५ एमबी होतं. ऑफिसच्या ब्रॉडबँडचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर हे पान यायला चौदा सेकंद लागतात. इथे अपलोड हा शब्द महत्त्वाचा. साताऱ्याला १०० एमबीपीएसची जोडणी असली तरी फाइल पुण्याहून ‘चढते’ आहे, त्यामुळे पुण्याचा अपलोड वेग हीच मर्यादा. एका पानाला चौदा सेकंद चालून जातात. पण फाइलींच्या खिडकीने त्या फोल्डरमधल्या तीनशे पानांची छोटी चित्रं बनवायला घेतली तर? ती बनवायला प्रत्येक फाइल पूर्ण वाचावी लागली, तर साडेदहा जीबी तारेवरून आणायचे झाले आणि त्याला सत्तर मिनिटं लागतील. मांडणीकार म्हणेल, ‘मी तर फक्त फोल्डर उघडला.’ म्हणून माऊंट केलेल्या फोल्डरवर छोटी चित्रं, शोधासाठीची अनुक्रमणी आणि व्हायरस तपासणी या तिन्ही गोष्टी बंद ठेवाव्यात.

लहान फाइलींचं गणित वेगळं आणि जास्त फसवं आहे. तिथे वेग उरतो बाजूला, जाऊन-येऊन लागणारा वेळ खातो. समजा, साताऱ्याहून पुण्याला प्रश्न जाऊन उत्तर यायला ४० मिलिसेकंद लागतात. एक लहान फाइल वाचायला निदान तीन फेऱ्या होतात: उघड, वाच, बंद कर. दोन हजार लहान फाइली एकामागून एक वाचायच्या तर सहा हजार फेऱ्या, म्हणजे चार मिनिटं. ऑफिसातच बसून एका मिलिसेकंदाच्या अंतरावर हेच काम सहा सेकंदांत होतं. आणि हाच फोल्डर न्यू जर्सीला राहणाऱ्या मुद्रितशोधकाने माऊंट केला, जिथे एक फेरी २५० मिलिसेकंदांची असू शकते, तर पंचवीस मिनिटं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तर निसर्गाचेच झाले. महागडा प्लॅन घेऊन हे कमी होत नाही.

यावरचा उपाय असा की अशा कामाला माऊंटची वाट वापरूच नये. दोन हजार मजकुरांच्या फाइलींत एखादा शब्द शोधायचा असेल तर माऊंटवरून शोधणं म्हणजे सगळ्या फाइली साताऱ्याला आणून वाचणं. त्यापेक्षा शोधायचं काम पुण्यालाच सांगावं आणि फक्त उत्तर आणावं:

```
ssh dtp@10.8.0.2 "grep -rl 'शुद्धलेखन' /home/dtp/pustake/mudrite"
```

ही आज्ञा तो शब्द असलेल्या फाइलींची नावं तेवढी पाठवते. फॉन्टचा अख्खा फोल्डर हवा असेल तर तोही `rsync` ने एकदाच उतरवून घ्यावा. माऊंट खरं शोभतं ते एक-एक फाइल उघडून, काही वेळ तिच्यावर काम करून सेव्ह करण्याला. प्रकाशनाचं बहुतेक काम तसंच असतं, म्हणून ही सोय इथे इतकी उपयोगी पडते.

मराठी नावांच्या फाइलींची एक अडचण इथे सांगायलाच हवी, कारण इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत ती सापडत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलीचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे मराठी नावाला फक्त ८५ चिन्हं मिळतात. विंडोजवर मात्र २५५ चिन्हांपर्यंत चालतं. त्यामुळे ‘दुसरी आवृत्ती लेखकाने सुधारलेली शेवटची प्रत प्रस्तावनेसह’ असं ऐसपैस नाव आणखी थोडं लांबलं की विंडोजवर चालतं आणि पुण्याच्या लिनक्सवर `File name too long` म्हणून नाकारलं जातं. दुसरी गंमत ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ‘ऱ’ची. हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येतं आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. मॅकवरून आलेल्या नावांत कधीकधी दुसरं रूप असतं, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात आणि एकाच फोल्डरमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली उभ्या राहतात. नावं आखूड आणि रोमन लिपीत ठेवणं हा रुक्ष उपाय आहे, पण सध्या तोच खात्रीचा.

## एकाच फाइलीवर दोघे

एसएसएचएफएसची खरी मर्यादा दुसरा माणूस आला की कळते. साताऱ्याला मांडणीकाराने प्रकरण उघडलं आणि त्याच वेळी पुण्यात संपादकांनीही उघडलं, तर एसएसएचएफएस कोणालाही अडवत नाही. जो शेवटी सेव्ह करेल त्याची प्रत राहते, दुसऱ्याचं काम पुसलं जातं. लिब्रे ऑफिस आपल्यापुरता बंदोबस्त करतो. फाइल उघडताच तो शेजारी `.~lock.` ने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो आणि दुसऱ्याला ‘ही फाइल वापरात आहे’ असं सांगतो. सगळे प्रोग्रॅम इतके शहाणे नसतात. त्यात एसएसएचएफएस फोल्डरमधली माहिती वीस सेकंद लक्षात ठेवून तीच दाखवतो, त्यामुळे ऑफिसात नुकताच झालेला बदल इकडे लगेच दिसेलच असं नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, ॲक्सेसची किंवा एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल एसएसएचएफएसवरून कधीही उघडू नये. अशा फाइलीत एकाच वेळी अनेक जागी थोडं थोडं लिहिलं जातं आणि कुलूप नसेल तर ती बिघडते. ती बिघडल्याचं कळतंही उशिरा, वर्षअखेरीला ताळेबंद जुळेनासा झाल्यावर.

इथे दुसरा मार्ग सरस ठरतो. विंडोजच्या शेअर्ड फोल्डरमागची भाषा एसएमबी. लिनक्सवर हीच भाषा बोलणारा प्रोग्रॅम म्हणजे साम्बा, जो अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास लिहायला घेतला. एसएमबीत फाइलीला कुलूप लावायची सोय मुळातच आहे. ऑफिसातले चौघे आणि घरून काम करणारे दोघे असे सगळे विंडोजवर असतील, तर ऑफिसच्या संगणकावर साम्बा बसवावा आणि व्हीपीएन चालू करून लॅपटॉपवर एवढंच म्हणावं:

```
net use Z: \\10.8.0.2\pustake /user:dtp *
```

झेड ड्राइव्ह हजर. विंडोजवर एसएसएचएफएसही चालतं. त्यासाठी विनएफएसपी आणि एसएसएचएफएस-विन हे दोन प्रोग्रॅम बसवून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’मध्ये `\\sshfs\dtp@10.8.0.2\pustake` असा पत्ता लिहायचा. एकट्या माणसाला ते पुरतं, पण अख्ख्या ऑफिसला एसएमबीच बरं.

झेड ड्राइव्ह उघडत नसेल तर अंदाज बांधत बसू नये. पॉवरशेलमध्ये `Test-NetConnection 10.8.0.2 -Port 445` ही आज्ञा द्यावी. शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : True` आलं, तर वाट मोकळी आहे आणि गडबड नावात किंवा पासवर्डात आहे. `False` आलं, तर व्हीपीएन बंद आहे किंवा ऑफिसच्या संगणकाची फायरवॉल अडवते आहे. ऑफिसचा संगणकही विंडोजचा असेल तर संशय फायरवॉलवर आधी घ्यावा, कारण व्हीपीएनमधून येणाऱ्याला विंडोज बऱ्याचदा परका समजतं आणि फाइली द्यायला नकार देतं. रोज सकाळी लॅपटॉप सुरू करताच झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसणं हा मात्र बिघाड नाही. ड्राइव्ह जोडायची वेळ आली तेव्हा व्हीपीएन चालू व्हायचं होतं, इतकंच. व्हीपीएन लागल्यावर ड्राइव्हवर क्लिक केलं की फुली जाते.

काही जण व्हीपीएनचा व्याप टाळून राऊटरमधून ४४५ क्रमांकाचं पोर्ट थेट इंटरनेटला उघडं करतात. हे कुठल्याही परिस्थितीत करू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो याच वाटेनं, एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण लाखो संगणकांवर ते लावलेलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने तेच भोक वापरलं आणि त्या तडाख्यात मायर्स्क कंपनी सापडल्यामुळे उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. ती लागण बंदराच्या दारातून आलेली नव्हती, कंपनीच्या आतल्या जगभरच्या नेटवर्कमधून आली होती. यातून छोट्या ऑफिसनेही घ्यावं असं काही आहे. व्हीपीएनच्या आत आलेला घरचा लॅपटॉप म्हणजे ऑफिसच्या खोलीतलाच संगणक. त्याच लॅपटॉपवर मुलं वाटेल तो गेम उतरवत असतील, तर त्याला झेड ड्राइव्ह देण्याआधी विचार करावा.

## रिकामा फोल्डर आणि भरलेला फोल्डर

सगळ्यांत महागात पडणाऱ्या चुका मात्र नेटवर्कच्या नसतात, त्या घडतात तो फोल्डर आत्ता माऊंट आहे की नाही याचं भान सुटल्यामुळे.

माऊंट नसतानाही `~/karyalay` हा फोल्डर लॅपटॉपवर असतोच, फक्त रिकामा. रात्री आपोआप चालणारी एखादी आज्ञा स्कॅन तिथे टाकत असेल आणि त्या रात्री जोडणी झालीच नसेल, तर सगळं लॅपटॉपच्याच डिस्कवर जमा होतं. दुसऱ्या दिवशी माऊंट झालं की ऑफिसचा फोल्डर त्यावर येऊन बसतो आणि त्या फाइली दिसेनाशा होतात. त्या गेलेल्या नसतात, खाली झाकल्या गेलेल्या असतात. माऊंट काढलं की पुन्हा दिसतात. अशी आज्ञा लिहिताना आधी खात्री करून घ्यावी:

```
mountpoint -q ~/karyalay && rsync -a ~/scan/ ~/karyalay/scan/
```

पहिला भाग खरा ठरला तरच दुसरा चालतो.

उलटी चूक अधिक भयंकर. काम संपलं, आता हा फोल्डर नको, असं म्हणून कोणी `rm -r ~/karyalay` चालवलं आणि माऊंट अजून चालू असेल, तर पुण्यातली सगळी पुस्तकं एकामागून एक पुसली जातात. ऑफिसच्या संगणकावर त्यांची कचरापेटीही भरत नाही. फोल्डर काढायचाच असेल तर आधी `fusermount3 -u`, मग `rmdir`. ही दुसरी आज्ञा फक्त रिकामा फोल्डर काढते आणि आत काही असेल तर नकार देते.

सेव्ह करतानाही थोडी सावधगिरी हवी. एसएसएचएफएस लिहायचं काम मागे मागे करतो आणि चूक झाली तर ती बऱ्याचदा फाइल बंद करताना सांगतो. काही प्रोग्रॅम ती ऐकतच नाहीत. छापायला जाणारी पीडीएफ ऑफिसला ठेवल्यावर `ssh dtp@10.8.0.2 ls -l /home/dtp/pustake` म्हणून तिथला आकार लॅपटॉपवरच्या आकाराशी ताडून पाहावा, आणि मगच छापखान्याला फोन करावा.

माऊंट म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवायला हवं. दोन ठिकाणी दिसते ती एकच फाइल असते; इकडे पुसली की तिकडेही जाते. ऑफिसच्या संगणकाला एक बाहेरची डिस्क जोडून रोज रात्री वेगळी प्रत निघत नसेल, तर आधी ती व्यवस्था करावी, माऊंट नंतर. आणि पहिले काही दिवस वरच्या `sshfs` आज्ञेतल्या पर्यायांना `ro` जोडून, म्हणजे `-o ro,reconnect,...` असं लिहून, फोल्डर फक्त वाचण्यापुरता माऊंट करावा. तेवढ्या दिवसांत जोडणी किती वेळा तुटते, पान उघडायला किती सेकंद लागतात आणि आपला प्रोग्रॅम मधेच तारा तुटल्यावर काय करतो, हे सगळं कळतं आणि एकही फाइल धोक्यात येत नाही. खात्री पटली की `ro` काढून टाकावा.